कुंपणाच्या गणितात सेकंड डेरिव्हेटिव्ह ऋण आला, तरी उत्तर जुळत नाही

प्रश्न: बारावी सायन्स, सांगली. गणिताचा फोटो जोडलाय. ८० मीटर तार, कालव्याच्या बाजूला कुंपण नको, आयताचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं. मला x = 20 आणि ८०० चौ. मी. आलं. A'' = −4 आहे, म्हणजे मॅक्सिममच. पण मागे उत्तर ७५० दिलंय. छापताना चुकलंय का?

उत्तर:

नाही, ७५० बरोबर आहे. तुम्ही केलेलं विकलनही बरोबर आहे. सुटलंय ते गणितातलं शेवटचं वाक्य. तुमचाच फोटो मोठा करून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात अंगठ्याची सावली पडलीय, तिच्याखाली अर्धवट दिसतंय: "कालव्यालगतची बाजू ३० मीटरपेक्षा अधिक घेता येणार नाही." तुमच्या उत्तरात ही बाजू 80 − 2(20) म्हणजे ४० मीटर होते. तेवढी जागाच नाही.

मी तासगावात बारावीचे वर्ग घेतो आणि ही अट मला अगदी ओळखीची वाटते. ताकारीच्या कालव्याकाठी ज्यांची रानं आहेत त्यांना विचारा: कालव्याला लागून आपली हद्द किती, हे शेजाऱ्याचा बांध ठरवतो. इथे ती ३० मीटर आहे. ४० मीटरचं कुंपण घातलं तर १० मीटर दुसऱ्याच्या रानात जाईल. (खरं तर कालव्याच्या कडेला पाटबंधारे खात्याचीही जागा सोडावी लागते, पण गणितात ती धरलेली नाही.)

आता ही अट समीकरणात कुठे बसते ते बघू. कालव्यापासून आत जाणाऱ्या दोन बाजू x, तर कालव्याला समांतर बाजू 80 − 2x.

A(x) = x(80 − 2x) = 80x − 2x²
A'(x) = 80 − 4x
A''(x) = −4

80 − 2x शून्यापेक्षा मोठं हवं म्हणून x < 40, इतकं बहुतेक जण लिहितात. पण 80 − 2x ≤ 30 हेही लिहायला हवं, आणि त्यावरून x ≥ 25 मिळतं. म्हणजे x ला मोकळीक आहे ती फक्त २५ ते ४० या पट्ट्यात. A'(x) = 0 वरून आलेला x = 20 या पट्ट्याच्या बाहेर पडतो. तिथे A'' ऋण आहे हे खरं, पण जो बिंदू आपल्याला घेताच येत नाही त्याच्याबद्दलची ती माहिती आहे.

सेकंड डेरिव्हेटिव्ह टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही, ते इथेच स्पष्ट होतं. ज्या बिंदूवर पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य आहे, त्याच्या आसपास फंक्शनची उंची कशी आहे एवढंच ती सांगते. पट्ट्याच्या टोकाशी कमाल किंमत असेल तर तिथे पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य असेलच असं नाही, आणि तो शून्य नसेल तर टेस्ट लावताच येत नाही. इथे तेच झालंय: A'(25) = 80 − 100 = −20.

पण म्हणून तुमचं A'' = −4 वाया गेलं असं समजू नका. ते फक्त 20 पाशी नाही, सगळीकडेच −4 आहे. म्हणजे A' सतत कमी होत जातो. 25 ला तो आधीच ऋण आहे, तर 25 च्या पुढे तो आणखीच ऋण होणार. आलेख एका टेकडीसारखा आहे, माथा 20 वर, आणि आपल्याला परवानगी आहे ती फक्त पलीकडच्या उताराची. त्या उतारावर सगळ्यात उंच जागा कोणती? जिथून आपला पट्टा सुरू होतो ती, x = 25. कालव्याची बाजू ३० मीटर, क्षेत्रफळ 25 × 30 = ७५० चौ. मी., साधारण ७.४ गुंठे.

खात्री हवी असेल तर एक मीटर पुढे जाऊन बघा. x = 26 घेतलं तर दुसरी बाजू २८ आणि क्षेत्रफळ 728, म्हणजे २२ ने कमी. A'(25) = −20 वरून २० ने कमी होईल असा अंदाज येतो; उरलेले दोन A'' मुळे जातात, कारण ½ × (−4) × 1² = −2. फंक्शन दुसऱ्या घाताचं आहे म्हणून हिशेब एकही चौरस मीटर इकडेतिकडे न होता जुळतो. हे एकदा हाताने करून बघा. पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार आणि दुसरा म्हणजे तो उतार किती वेगाने बदलतो, हे मग पाठ करावं लागत नाही.

अजून एक. तुमच्या मित्राने कालव्याकडची बाजू y धरली असेल, तर त्याचं A = y(80 − y)/2, A' = 40 − y आणि A'' = −1 येईल. दोघांचे A'' वेगळे आले म्हणून वर्गात हमखास वाद होतो. दोघंही बरोबर असतात. चल बदलला की तो आकडा बदलतो, चिन्ह तेच राहतं. उलट या गणितात मी y धरणंच पसंत करतो, कारण अट सरळ y ≤ 30 अशी लिहिता येते. 30 पर्यंत 40 − y धनच आहे, म्हणजे A वाढतच जातं आणि सगळ्यात मोठं y = 30 ला होतं. दोन ओळींत काम झालं.

पत्र्याचे कोपरे कापून बिनझाकणाचा डबा करायच्या गणितातही पहिलं काम हेच. ४५ × २४ सेंमी पत्रा असेल तर V' = 12(x − 5)(x − 18) येतं आणि दोन किमती मिळतात. पण २४ च्या बाजूतून दोन्हीकडे x कापायचं, म्हणून x < 12. म्हणजे 18 आधीच बाद. उरलेल्या 5 वर V'' = 24x − 276 = −156, इथे मात्र टेस्ट चपखल लागू पडते, आणि घनफळ 5 × 35 × 14 = २४५० घन सेंमी. बिंदू पट्ट्याच्या आत असला की टेस्ट, बाहेर असला की टोकं तपासायची.

तुमच्या वहीत x = 20 खोडू नका. तो तसाच ठेवून खाली हे लिहा:

80 − 2x ≤ 30 व 80 − 2x > 0, म्हणून 25 ≤ x < 40.
A'(x) = 0 ⇒ x = 20, पण ही किंमत वरील मर्यादेत नाही.
25 ≤ x < 40 साठी A'(x) = 80 − 4x ≤ −20 < 0, म्हणून A सतत घटते.
म्हणून A ची कमाल किंमत x = 25 ला, A = ७५० चौ. मी.

पुढच्या वेळी फोटो काढताना पान खिडकीजवळ सपाट ठेवा आणि पाठवण्याआधी शेवटची ओळ वाचता येते का बघा. अशा गणितांत अट बहुधा तिथेच दिलेली असते.