एसएसबीमध्ये एएमपेक्षा नेमकी किती पॉवर वाचते? आणि एकच साइडबँड काढतात कसा?

१०० टक्के मॉड्युलेशनला सुमारे ८३ टक्के पॉवर वाचते आणि बँडविड्थ निम्मी लागते. कॅरिअर १०० वॉटचा धरा. दोन्ही साइडबँड २५-२५ वॉटचे, एकूण १५० वॉट. कॅरिअरमध्ये माहिती काहीच नसते आणि दोन्ही साइडबँडमध्ये तीच असते, म्हणून २५ वॉटचा एकच पाठवला तरी भागतं. मॉड्युलेशन ५० टक्के असेल तर बचत ९४ टक्क्यांवर जाते. ३ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या आवाजाला एएममध्ये ६ किलोहर्ट्‌झ लागतात, इथे ३.

पारंपरिक हॅम रेडिओ सेटमध्ये बहुधा फिल्टर पद्धत असते: बॅलन्स्ड मॉड्युलेटर कॅरिअर दाबतो, मग क्रिस्टल फिल्टर एक साइडबँड कापतो. आवाज ३०० हर्ट्‌झपासून सुरू होत असल्याने दोन साइडबँडमध्ये ६०० हर्ट्‌झची फट मिळते, तिच्यातच फिल्टरचा उतार बसवायचा. फेज-शिफ्ट पद्धतीत एका मॉड्युलेटरला आवाज आणि कॅरिअर जसेच्या तसे, तर दुसऱ्याला दोन्ही ९० अंशांनी सरकवून देतात. बेरीज-वजाबाकीत एक बाजू आपोआप रद्द होते. फिल्टर लागत नाही, पण फेज १ अंश चुकली तरी नको असलेला साइडबँड सुमारे ४१ डेसिबल खाली उरतोच.

मात्र रिसीव्हरला कॅरिअर स्वतः तयार करावा लागतो. तो १०० हर्ट्‌झ सरकला की बोलणारा बदकासारखा ऐकू येतो.