हळदीच्या नावाची ६० कॅरेक्टरची मर्यादा

प्रश्न: बचत गटाची हळद ऑनलाइन टाकतोय. "आमच्या शेतातील शंभर टक्के शुद्ध आणि अस्सल वायगाव हळद पावडर, २५० ग्रॅम" ही मोजली तर ३५ अक्षरं आहेत, मर्यादा ६० ची, तरी फॉर्म घेत नाही. काय करू?

उत्तर: फॉर्म काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो, शिवाय मोकळ्या जागाही. "ग्रॅम" दिसायला दोन अक्षरं, पण मोजणीत ग, हलन्त, र, अर्धचंद्र, म अशी पाच. त्यामुळे तुमची ओळ ६९ वर जाते. जोडाक्षरांचे शब्द सगळ्यात महाग पडतात.

आता कात्री कुठे लावायची? "शंभर टक्के शुद्ध आणि अस्सल" एवढ्यानंच २६ खाल्ले, आणि हे तर प्रत्येकच विकणारा लिहितो. ते काढाच. "आमच्या शेतातील" खाली वर्णनात घ्या. मोबाइलच्या यादीत लांब नाव शेवटाकडून कापलं जातं, म्हणून माल आणि वजन आधी:

वायगाव हळद पावडर, २५० ग्रॅम, यंदाची, गावातच दळलेली

हे ५० मध्ये बसतं. शेवटचे शब्द अर्थातच खरे असतील तरच ठेवा. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे "वायगाव" हा शब्द मात्र कापू नका. गिऱ्हाईक तोच शोधतं.

एवढं करूनही अडलं तर रकान्यात नुसता "म" टाकून बघा. आकडा ३ ने सरकला तर तिथं बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीची एककं मोजतात, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. मग वरची ओळही बसणार नाही, फक्त इंग्रजी लिपीत लिहिलेली बसेल.