भांग बदलला, तरी उजेड तसाच कसा ठेवायचा?

प्रश्न: फोटोशॉपमध्ये पोर्ट्रेटमधला भांग दुसऱ्या बाजूला घ्यायचा आहे. केस फ्लिप केले की ते चिकटवल्यासारखे दिसतात. चेहऱ्यावरचा उजेड न बिघडवता हे कसं करायचं?

उत्तर:

केस फ्लिप करताना त्यांच्यावर पडलेला उजेडही त्यांच्यासोबत फिरतो. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि केसांवर उजवीकडून आला की डोळ्यांना ते लगेच खटकतं, मग कडा कितीही सफाईने कापलेल्या असोत. म्हणून केस कापण्यापेक्षा जास्त वेळ मी ते पुन्हा उजळण्यात घालवतो.

अलीकडेच केलेलं एक काम सांगतो. फोटोत खिडकी डावीकडे होती (डावं-उजवं सगळं फोटो बघणाऱ्याच्या बाजूने), भांगही डावीकडे आणि केस उजवीकडे झुकलेले. भांग उजवीकडे हवा होता. आधी उजेडाची दिशा नक्की केली. बुबुळांमधले चमकते ठिपके डावीकडे वर होते आणि नाकाची सावली उजवीकडे खाली पडली होती. या दोन खुणांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. सगळा फोटोच फ्लिप करणं मी टाळतो, कारण तीळ, भुवया, शर्टाची बटणं सगळंच उलटतं आणि माणूस ओळखीचा वाटत नाही.

Select and Mask मध्ये फक्त केस निवडले, कडांवर Refine Edge Brush फिरवला आणि ते नव्या लेयरवर घेतले. मग Edit > Transform > Flip Horizontal. दोन भुवयांच्या मधोमध जाणारी रेघ हा अक्ष धरून केस जागेवर आणले आणि Warp ने कवटीच्या गोलाईत बसवले. चेहरा जवळजवळ समोर असेल तरच हे जमतं. मान बरीच वळलेली असेल तर दोन्ही बाजूंचे केस मुळातच वेगवेगळ्या आकाराचे दिसतात, आणि मग दुसऱ्या फोटोतून केस घेणंच बरं.

आता फ्लिप केलेल्या केसांखालून जुने केस डोकावतात. तिथे कपाळ आणि पार्श्वभूमी नव्याने भरावी लागते. इथे बहुतेकांची चूक होते ती त्वचा कुठून घ्यायची यात. माझ्या फोटोत उजवं कपाळ उघडं पडलं, म्हणजे खिडकीपासून लांबची बाजू. डावीकडची उजळ त्वचा तिथे आणली असती तर कपाळावर दुसरा दिवा लावल्यासारखं दिसलं असतं. मी त्याच बाजूची, भुवईच्या वरची सावलीतली त्वचा क्लोन केली.

मग केसांचा उजेड. फ्लिपनंतर केसांचा सर्वांत गडद भाग खिडकीकडे आला होता आणि चमक उजवीकडे गेली होती. केसांच्या लेयरला क्लिप केलेले दोन Curves लेयर घेतले, एक उजळ करणारा आणि एक गडद करणारा. दोन्हींचे मास्क काळे करून, मऊ ब्रशने, कमी फ्लोवर, केस ज्या दिशेने वळतात त्या दिशेनेच रंगवत गेलो. डावी बाजू हळूहळू वर आणली, उजवी खाली. चमकेचा पट्टा मात्र नुसता गडद केला की राखाडी, धुळकट दिसतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागात तर केसांचा तपशीलच उरलेला नसतो. तिथे दुसरीकडची बट आणून झाकणं हाच मार्ग आहे.

शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. उजेडाची दिशा तीच राहिली, तरी सावल्या तशाच राहत नाहीत. पूर्वी खिडकीच्या बाजूला भांग होता, म्हणून उजेड थेट कपाळावर येत होता. आता तिथे केसांचा झुपका आडवा आला. म्हणजे डाव्या कपाळावर, केसांच्या कडेलगत, उजवीकडे उतरणारी सावली पडायलाच हवी. ती मी Multiply लेयरवर रंगवली. रंग काळा नाही, नाकाच्या सावलीतून उचललेला. केस कपाळाला टेकतात तिथे सावलीची कड थोडी ठळक, आणि लांब जाईल तशी विरघळलेली. ही सावली नसेल तर केस टोपासारखे तरंगतात, आणि तुम्हाला ‘चिकटवल्यासारखं’ वाटतंय त्याचं अर्धं कारण बहुधा हेच असावं. उलट, जुन्या बटांनी उजव्या गालावर सावली टाकली असेल तर ती पुसायची, कारण ती पाडणारे केसच आता तिथे नाहीत.

तपासायला सगळ्यांत वर एक Black & White लेयर टाका आणि फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. रंग गेला की केसांची उजळ बाजू आणि गालाची उजळ बाजू एकाच दिशेला आहेत का, हे लगेच कळतं. माझ्या फोटोत यातूनच कानाजवळची एक चमकती बट सापडली, जी उजवीकडे राहून गेली होती.