कांद्याची झोंब: थंडावा, धार आणि वारा
प्रश्न: शाकुतीसाठी विळीवर कांदे चिरताना डोळ्यांतून पाणी का येतं? खरंच काय उपयोगी पडतं?

पेशी फुटल्या की कांद्यात वेगवेगळे असलेले गंधकयुक्त पदार्थ आणि विकरं एकत्र येतात. त्यातून उडणारा वायू डोळ्यांना झोंबतो आणि तो धुऊन काढायला अश्रू येतात. विळीवर चेहरा नेमका कांद्याच्या वर असतो, म्हणून त्रास जास्त.

कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत विकरांचं काम मंदावतं आणि वायूही कमी उडतो. पात्याला आधी धार लावा, बोथट पातं पेशी चिरडतं. टेबलफॅन बाजूला ठेवून वारा कांद्यावरून आडवा जाऊ द्या. चिरलेला कांदा पाण्यात बुडवल्यास झोंब उतरते, पण ओला कांदा मसाल्याच्या वाटपासाठी लवकर खरपूस भाजला जात नाही.