आधी कुलूप, मग परतफेड

«सामन्यांवर पैसे लावून क्रेडिट कार्डावर तीन पगारांएवढी थकबाकी झाली आहे. चार पगारांएवढी मुदत ठेव आहे. ती मोडून कार्ड एकदाच मोकळं करू का? बायकोला यातलं काही माहीत नाही. मला व्यसन वगैरे नाही, फक्त एवढं भरून निघालं की थांबणार आहे.»

नुसता व्याजाचा हिशोब केला तर ठेव मोडा असंच कुणीही सांगेल. कार्डाचं व्याज ठेवीच्या व्याजाच्या कितीतरी पट असतं. पण तुम्हाला मी आज ठेव मोडू नका असं सांगते, कारण कार्ड फेडलं की त्याची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी होते. उद्या रात्री सामना असेल तेव्हा ठेव गेलेली असेल आणि उधार घ्यायला कार्ड हजर असेल. अशी एकदम सुटका झालेली माणसं काही महिन्यांनी दुप्पट देणं घेऊन परत येतात, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य शेवटचं आहे. हरलेलं भरून काढण्यासाठी पुन्हा लावणं ही सवय हाताबाहेर चालल्याची सगळ्यात ठळक खूण. त्यातलं गणितही ऐका. समजा जिंकल्यावर 100 चे 190 मिळतात. तुम्ही 1 पासून सुरुवात करून हरलात की दुप्पट लावत गेलात आणि सलग सहा वेळा हरलात, तर 63 गेले. सातव्यांदा 64 लावून जिंकलात तरी नफा 57.6, म्हणजे जिंकूनही तुम्ही पाचाहून अधिकने मागेच.

व्यसन आहे की नाही हे मी ठरवणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण प्राथमिक चाचपणीसाठी तज्ज्ञ दोन साधे प्रश्न वापरतात: अधिकाधिक पैसे लावावेत अशी गरज कधी वाटली का? आणि किती लावता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाचं उत्तर जरी ‘हो’ असेल तरी नीट तपासणी करून घ्यावी. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही पत्रातच दिलंय.

या आठवड्यात बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. सट्ट्याच्या खात्यात भरलेले पैसे एका रकान्यात, परत आलेले दुसऱ्यात. जिंकलेलं लक्षात राहतं, भरलेलं विसरतं, म्हणून आठवणीवर जाऊ नका. वेळाही बघा. एका अशिलाच्या स्टेटमेंटमध्ये 11:42, 11:51, 12:04 अशा ओळीने नोंदी होत्या आणि प्रत्येक रक्कम आधीपेक्षा मोठी. तो म्हणाला, ‘हे मीच केलंय?’ पैसे काढायची विनंती टाकून ती मध्येच रद्द केल्याच्या नोंदी सट्ट्याच्या खात्यात सापडल्या, तर त्यावरही खूण करा.

मग कुलूप. जिथे खातं आहे तिथे स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय असेल तर सगळ्यात लांब मुदतीची घ्या, आणि सगळ्या खात्यांवर, एकावर नाही. काही बँका जुगाराचे व्यवहार अडवून देतात. तुमच्या बँकेला विचारा. फोनवर आणि संगणकावर जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर टाका, त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवा.

त्यानंतर ठेव. कार्ड कंपनीला आधी कार्ड गोठवायला सांगा, मग ठेवीतून थेट थकबाकी भरा आणि कार्ड बंद करून लेखी पावती घ्या. पैसा मध्ये तुमच्या बचत खात्यात रेंगाळू नये. उरलेला एक पगार संयुक्त खात्यात, दोघांच्या सह्यांशिवाय निघणार नाही असा ठेवा. नवं कर्ज घेऊ नका, मित्राकडूनही नको.

म्हणजेच बायकोला सांगावं लागेल. सांगताना पूर्ण आकडा सांगा. अर्धा सांगून उरलेला नंतर कळला की पहिल्यापेक्षा जास्त जखम होते. स्टेटमेंट समोर ठेवलं की बोलायला सोपं जातं.

सल्ल्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाकडे जा. यात विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, वापरली जाते. जुगार सोडू पाहणारी माणसं एकमेकांना आधार देतात असे, 1957 पासून चालत आलेले ‘गॅम्बलर्स अॅनॉनिमस’चे गट अनेक देशांत आहेत, आणि कुटुंबीयांसाठी ‘गॅम-अॅनॉन’ वेगळं आहे. तुमची बायको तिथे एकटीही जाऊ शकते. देण्याच्या विचाराने जगणंच नको वाटू लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी कुणाला तरी सोबत घ्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

स्टेटमेंटचे दोन्ही रकाने भरले की मला आकडे पाठवा. ठेव कोणत्या तारखेला मोडायची ते तेव्हा ठरवू.