केमोनंतरच्या उलटीच्या गोळ्या: वेळ कशी सांभाळावी

ताई, यजमानांना सिस्प्लाटिन हे केमोचे औषध सुरू होणार असल्याने एक गोष्ट आधी समजून घ्या: या औषधाची मळमळ बहुधा केमोनंतर दोन-तीन दिवसांनी चढते, म्हणून केमोच्या संध्याकाळी बरे वाटले तरी नेमून दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत.

डॉक्टरांच्या कागदावरील गोळ्यांचे दोन गट करा. ‘नियमित’ गोळ्या मळमळ नसतानाही ठरल्या वेळी द्यायच्या. ‘गरजेनुसार’ लिहिलेली गोळी मळमळीची पहिली चाहूल लागताच द्यायची, उलटी होईपर्यंत थांबायचे नाही. सोमवारी केमो झाली, तर बुधवार-गुरुवार अधिक जपण्याचे. अप्रेपिटंट या उलटी रोखणाऱ्या औषधाची पहिली मात्रा केमोच्या साधारण तासभर आधी असते. ती घरी घ्यायची असल्यास डोंबिवलीहून परळच्या रुग्णालयात पोहोचण्याचा वेळ धरून नेमकी वेळ नर्सला विचारा. डेक्सामेथासोन हे उलटी रोखण्यासाठी दिले जाणारे स्टेरॉइड सकाळी खाऊन घेतलेले बरे, रात्री घेतल्यास झोप उडते.

ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होते आणि बद्धकोष्ठानेही मळमळते, हे सहसा कोणी सांगत नाही. गोळी उलटीत पडल्यास मनानेच दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. पाणीही पोटात टिकत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.