ॲन्युइटी टेबलचं उत्तर नेमकं कोणत्या तारखेचं असतं?

प्रश्न: बी.कॉम.ला आहे, गणित कच्चं आहे. डिस्काउंट फॅक्टर आणि ॲन्युइटी फॅक्टरची टेबलं बघता येतात, पण कुठे कोणतं लावायचं ते कळत नाही. ‘हप्ता वर्षाच्या सुरुवातीला’ किंवा ‘पहिली दोन वर्षं काही नाही’ असं गणितात आलं की उत्तर हमखास चुकतं. आणि टेबल दिलंच नसेल तर काय करायचं?

उत्तर:

सूत्रं तूर्त बाजूला ठेवा. या सगळ्या प्रकरणात क्रिया एकच आहे. दर १० टक्के असेल तर एक वर्ष पुढे जायला १.१० ने गुणायचं आणि एक वर्ष मागे यायला १.१० ने भागायचं. टेबलं म्हणजे हेच गुणाकार-भागाकार कुणीतरी आधी करून ठेवलेले.

आधी पुढे जाऊ. एक लाखाचे वर्षाअखेर १,१०,००० होतात, दुसऱ्या वर्षी १,२१,००० आणि तिसऱ्या वर्षी १,३३,१००. सरळव्याजाने १,३०,००० झाले असते. वरचे ३,१०० रुपये कुठून आले ते बघा. दुसऱ्या वर्षी आधीच्या १०,००० व्याजावर १,००० मिळाले. तिसऱ्या वर्षी साठलेल्या २१,००० व्याजावर २,१०० मिळाले. व्याजावर व्याज ते एवढंच.

आता मागे या. वर्षभराने मिळणाऱ्या १,१०,००० ची आजची किंमत किती? इथे बरेच जण १० टक्के वजा करतात आणि ९९,००० लिहितात. ते चूक आहे, कारण ९९,००० दहा टक्क्यांनी गुंतवले तर १,०८,९०० च होतात. १.१० ने भागलं की बरोबर १,००,००० येतात. एका रुपयाला असं भागत गेलं की डिस्काउंट फॅक्टर मिळतात: एका वर्षाचा ०.९०९, दोन वर्षांचा ०.८२६, मग ०.७५१, ०.६८३ आणि पाच वर्षांचा ०.६२१.

या पाचांची बेरीज करा. ३.७९० येते. ॲन्युइटी टेबलात १० टक्के, ५ वर्षं या घरात ३.७९१ दिसेल. शेवटच्या आकड्यातला फरक आपण प्रत्येक फॅक्टर तीन स्थळांपर्यंत छाटला म्हणून आला, दोन्ही एकच आहेत. म्हणजे ॲन्युइटी फॅक्टर ही डिस्काउंट फॅक्टरांची नुसती बेरीज आहे. दरवर्षी रक्कम सारखी असेल तर पाच गुणाकार करण्याऐवजी बेरजेने एकदाच गुणायचं, यासाठी ते टेबल बनवलं आहे. रकमा वेगवेगळ्या असतील (पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ४५,०००...) तर ते टेबल उघडूच नका, प्रत्येक रकमेला तिच्या वर्षाचा डिस्काउंट फॅक्टर लावा.

परीक्षेत घाईने टेबल चुकीचं उघडलं जातं, त्याचं एक साधं कारण आहे. वर्तमान मूल्याच्या दोन्ही टेबलांत १० टक्क्यांखाली पहिल्या ओळीत ०.९०९ च असतं. म्हणून नेहमी दुसरी ओळ बघा. ०.८२६ असेल तर ते एकाच रकमेचं टेबल, १.७३६ असेल तर ॲन्युइटीचं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. एक यंत्र आहे. आज रोख घेतलं तर ४,००,००० रुपये, किंवा एक-एक लाखाचे पाच वार्षिक हप्ते. दर १० टक्के धरा.

हप्ते वर्षाअखेर असतील तर १,००,००० × ३.७९०७९ = ३,७९,०७९. म्हणजे हप्त्याने घेणं स्वस्त. या आकड्यावर विश्वास बसत नसेल तर तो तपासून बघा. ३,७९,०७९ रुपये दहा टक्क्यांवर ठेवले आणि दर वर्षाअखेर त्यातून एक लाखाचा हप्ता भरला, तर शिल्लक क्रमाने ३,१६,९८७, मग २,४८,६८६, मग १,७३,५५४, मग ९०,९१० राहते. त्या ९०,९१० चे पाचव्या वर्षाअखेर १,००,००१ होतात आणि शेवटचा हप्ता भागतो. एक रुपया उरतो तो पूर्णांकात मांडल्याचा. वर्तमान मूल्य म्हणजे नेमकं हेच: सगळे हप्ते पुरे पडावेत म्हणून आज बाजूला काढावी लागणारी रक्कम. वर्गात हे एकदा तरी कागदावर करून घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण सूत्राने जे पटत नाही ते या पाच ओळींत पटतं.

आता अट बदला: हप्ते तेच, पण प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला. पहिला हप्ता आजच द्यायचा आहे, त्याला डिस्काउंट नाही, त्याचा फॅक्टर १. उरलेले चार हप्ते आजपासून एक, दोन, तीन, चार वर्षांनी, म्हणजे ४ वर्षांचा ॲन्युइटी फॅक्टर ३.१७०. एकूण ४.१७०, रक्कम सुमारे ४,१६,९८७. आता रोख घेणं स्वस्त. यंत्र तेच, हप्ता तोच, दर तोच, फक्त तारीख बदलली आणि निर्णय उलटला. म्हणून गणितात ‘सुरुवातीला’ किंवा ‘आगाऊ’ शब्द दिसला की तो आधी अधोरेखित करा.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. वर्तमान मूल्याच्या ॲन्युइटी टेबलचं उत्तर पहिल्या हप्त्याच्या बरोबर एक वर्ष आधीच्या तारखेचं असतं. ते आपोआप ‘आजचं’ नसतं. पहिला हप्ता वर्षाअखेर असेल तर एक वर्ष आधी म्हणजे आज, म्हणून साध्या गणितात हे लक्षात येत नाही. पहिला हप्ता आजच असेल तर टेबलचं उत्तर एक वर्षापूर्वीच्या तारखेचं येतं. ते आजवर आणायला १.१० ने गुणा: ३,७९,०७९ × १.१० = ४,१६,९८७. मघाचंच उत्तर.

हेच ‘पहिली दोन वर्षं काही नाही’ या प्रकाराला लावा. दोन वर्षं सवलत, मग तिसऱ्या ते सातव्या वर्षाअखेर एक-एक लाखाचे पाच हप्ते. पाच हप्त्यांचा फॅक्टर ३.७९१. पहिला हप्ता तिसऱ्या वर्षाअखेर, म्हणून ३,७९,०७९ ही दुसऱ्या वर्षाअखेरची किंमत. तिथून आजपर्यंत दोन वर्षं मागे यायचं आहे, म्हणून दोन वर्षांचा फॅक्टर: ३,७९,०७९ × ०.८२६४५ = सुमारे ३,१३,२९०. हप्ते तिसऱ्या वर्षापासून आहेत म्हणून तीन वर्षांचा ०.७५१३१ लावला तर सुमारे २,८४,८०० येतं. परीक्षेत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. ती पकडायची दुसरी वाट म्हणजे ७ वर्षांच्या फॅक्टरमधून पहिल्या २ वर्षांचा वजा करणं: ४.८६८ – १.७३६ = ३.१३२. दोन्ही उत्तरं जवळपास जुळली पाहिजेत. नाही जुळली तर कुठेतरी एक वर्ष पुढे-मागे झालं आहे.

गणित सोडवायच्या आधी एक आडवी रेघ मारा, तिच्यावर ०, १, २, ३ असे वर्षांचे शेवट मांडा आणि प्रत्येक रक्कम तिच्या आकड्याखाली लिहा. ० म्हणजे आज. दुसऱ्या वर्षाचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात हा रेघेवर एकच बिंदू आहे. हे कळलं की ‘सुरुवातीला’ आणि ‘अखेरीस’ यांचा घोळ मिटतो.

टेबल नसेल तर साध्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत बनतं. प्रत्येक = चं उत्तर GT या बटणात बेरजेला साठत जातं, म्हणून त्यातली जुनी बेरीज आधी शून्य करा, नाहीतर मागचं गणित यात मिसळेल. मग असं दाबा:

```
1 ÷ 1.10 = = = = =
GT
```

पहिल्या = ला 0.909, दुसऱ्याला 0.826 असं येत जाईल आणि GT दाबल्यावर 3.79078... दिसेल. काही मशीनवर स्थिर भाजकासाठी ÷ दोनदा दाबावं लागतं आणि भाजक आधी द्यावा लागतो:

```
1.10 ÷ ÷ 1 = = = = =
GT
```

तुमचं मशीन कोणत्या पद्धतीचं आहे ते दुसऱ्या = ला ओळखा. तिथे 0.826 आलं तर पद्धत बरोबर. पहिल्यालाच 1.1 दिसलं तर भागाकार उलटा झालाय. दशांश स्थळांचं बटण २ वर असेल तर 0.91, 0.83 असे छाटलेले आकडे दिसतील, ते F वर ठेवा.

दर आणि काळ मात्र एकाच मापात हवेत. १० टक्के दर सहामाही चक्रवाढीने आणि पाच वर्षांत दहा सहामाही हप्ते असतील तर ५ टक्के, १० कालावधी हे घर बघायचं, तिथे ७.७२२ आहे. महिन्याच्या हप्त्याला १२ टक्क्यांचा १ टक्का होतो आणि वर्षाचे १२ कालावधी. एक लाखाच्या एका वर्षाच्या कर्जासाठी फॅक्टर ११.२५५, आणि १,००,००० ला त्याने भागलं की महिन्याचा हप्ता सुमारे ८,८८५ येतो. हप्ता माहीत असेल तर फॅक्टरने गुणा, कर्ज माहीत असेल तर भागा.

उत्तर लिहिण्याआधी फॅक्टरकडे एकदा नजर टाका. डिस्काउंट फॅक्टर १ पेक्षा मोठा आला तर तुम्ही मागे येण्याऐवजी पुढे गेला आहात. वर्षाअखेरच्या पाच हप्त्यांचा वर्तमान मूल्याचा फॅक्टर ५ पेक्षा कमीच असणार. ६.१०५ आला तर तुम्ही भावी मूल्याचं ॲन्युइटी टेबल उघडलं आहे. त्या टेबलात पहिल्या ओळीत प्रत्येक दराखाली १.००० असतं, कारण त्याचं उत्तर शेवटच्या हप्त्याच्या दिवशीचं असतं आणि त्या दिवशी भरलेल्या हप्त्याला व्याज मिळत नाही.